अर्ध्या किलोमीटरची पायरी: ट्रेडमिलवरची टप्प्यांची चाचणी आणि तिच्या मीटरांचा हिशोब

माझ्या मावसबहिणीने मागच्या वर्षी जिममधून मेसेज केला: "दादा, ३.१५ किलोमीटर झाले. चांगलं की वाईट?" मी विचारलं, सुरुवात कितीने केलीस, टप्पा किती मिनिटांचा, चढ किती? ती म्हणाली, "ते सगळं तूच लिहून दिलं होतंस ना कागदावर!" दिलं होतं खरं, आणि म्हणूनच त्या ३.१५ ला काही अर्थ होता. त्या कागदाविना तो आकडा म्हणजे पत्त्याशिवायचं पाकीट.

तो कागद इथे सविस्तर मांडतो आहे. चाचणी साधी आहे. ट्रेडमिलवर ठरलेल्या कमी वेगाने पळायला लागायचं आणि दर टप्प्याला वेग ताशी अर्ध्या किलोमीटरने वाढवायचा. जमेल तिथपर्यंत जायचं आणि शेवटी एकूण किती अंतर झालं ते लिहायचं. वेगाची अर्ध्या किलोमीटरची पायरी जुनीच आहे. माँट्रियलच्या लुक लेजे यांनी १९८२ साली जे. लँबर्ट यांच्यासोबत २० मीटरच्या येरझाऱ्यांची चाचणी मांडली, जिला आपण बीप टेस्ट म्हणतो, तिच्यातही वेग ताशी ८.५ किमीपासून अर्ध्या अर्ध्या किलोमीटरने चढतो. ट्रेडमिलवर भोंग्याचं काम पट्टा करतो.

एक गल्लत आधीच दूर करतो. आपल्याकडे 'ट्रेडमिलची टेस्ट' म्हटलं की लोकांना डॉक्टरांकडची टीएमटी आठवते. तिथे छातीला तारा लावलेल्या असतात आणि बहुतेक ठिकाणी ब्रूस पद्धत वापरतात: सुरुवात ताशी २.७ किमीने, पण १० टक्के चढावर, आणि दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. ती हृदयाची तपासणी आहे. आपली चाचणी पळण्याचा वेग मोजते, हृदय निरोगी आहे की नाही ते सांगत नाही. छातीत दुखतं, चक्कर येते, रक्तदाब ताब्यात नाही, घरात कमी वयात हृदयविकार झालेला आहे, गर्भारपण आहे किंवा पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच पळायला लागला आहात, तर आधी डॉक्टर आणि मग हे. ताप-सर्दीच्या आठवड्यात तर नकोच.

टप्पा तीन मिनिटांचा का

टप्पे १ मिनिटाचेही ठेवतात, २ चेही. नवख्या माणसाने ३ मिनिटांचे ठेवावेत असं माझं मत आहे, आणि त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण ठोक्यांचं. वेग वाढला की हृदयाचे ठोके लगेच वर जात नाहीत. नव्या वेगाला स्थिरावायला त्यांना दोन-तीन मिनिटं लागतात. १ मिनिटाच्या टप्प्यात ठोके पायांच्या मागे राहतात. तुम्ही 'ताशी ९ ला १४८' असं लिहिता, पण ते खरं तर ८.५ चेच असतात. ३ मिनिटांच्या टप्प्याच्या शेवटी घेतलेला आकडा त्या वेगाचा म्हणता येतो.

दुसरं कारण हिशोबाचं, आणि मला ते जास्त आवडतं. ताशी ७ किमी म्हणजे ३ मिनिटांत ३५० मीटर. ताशी ८ म्हणजे ४००. वेगाला ५० ने गुणलं की त्या टप्प्याचे मीटर मिळतात आणि प्रत्येक पुढचा टप्पा आधीच्यापेक्षा बरोबर २५ मीटर लांब असतो. धापा टाकणाऱ्यालाही जमेल असं गणित आहे हे. १ मिनिटाच्या टप्प्यात हाच फरक ८.३३ मीटर येतो आणि कागदावर नुसते अपूर्णांक साचतात.

सुरुवात ताशी ७ किमीने करा. हा वेग जरा अडचणीचा आहे, कारण माणूस साधारण याच वेगाला चालणं सोडून पळू लागतो. काही जण पहिला टप्पा भराभर चालून काढतात आणि दुसऱ्यात पळू लागतात. तसं करू नका. चालण्याचे ठोके आणि पळण्याचे ठोके एका ओळीत बसत नाहीत. पहिल्या सेकंदापासून हळू पळा, कितीही संथ वाटलं तरी.

चढ १ टक्का ठेवा. जोन्स आणि डौस्ट यांनी १९९६ मध्ये दाखवलं की बाहेर वाऱ्याला कापत पळताना जी जास्तीची मेहनत होते ती ट्रेडमिलवर १ टक्का चढाने भरून निघते. पण त्यांनी तपासलेले वेग ताशी साडेदहा ते अठरा किमीचे होते. ताशी आठ-नऊला वाऱ्याचा अडथळा नगण्यच. तेव्हा १ टक्का की शून्य यावर वाद घालण्यात अर्थ नाही. जे एकदा ठेवाल तेच दर वेळी ठेवा.

पट्ट्यावर चढण्याआधी

कागदावर हे कोष्टक उतरवा आणि ट्रेडमिलवर पाण्याच्या बाटलीच्या जागी चिकटवा. ताशी ७ ने सुरुवात, अर्ध्याची वाढ, ३ मिनिटांचे टप्पे.

| टप्पा | वेग (किमी/तास) | संपण्याची वेळ | टप्प्याचे मीटर | एकूण मीटर |
|---|---|---|---|---|
| १ | ७.० | ३ मि. | ३५० | ३५० |
| २ | ७.५ | ६ मि. | ३७५ | ७२५ |
| ३ | ८.० | ९ मि. | ४०० | ११२५ |
| ४ | ८.५ | १२ मि. | ४२५ | १५५० |
| ५ | ९.० | १५ मि. | ४५० | २००० |
| ६ | ९.५ | १८ मि. | ४७५ | २४७५ |
| ७ | १०.० | २१ मि. | ५०० | २९७५ |
| ८ | १०.५ | २४ मि. | ५२५ | ३५०० |
| ९ | ११.० | २७ मि. | ५५० | ४०५० |
| १० | ११.५ | ३० मि. | ५७५ | ४६२५ |

याच्या पुढे जाणाऱ्याला नवखा म्हणता येणार नाही. त्याने सुरुवात ताशी ९ ने करावी आणि आपलं वेगळं कोष्टक मांडावं.

सोबत एक माणूस हवाच. त्याचं काम वेळ सांगणं, ठोके लिहिणं आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघणं. सेफ्टी क्लिप कपड्याला लावा. ती लोंबकळत ठेवणारे खूप आहेत, पण या चाचणीत शेवटी पाय खरोखर जड होतात आणि क्लिप त्यासाठीच आहे. छातीवरचा पट्टा असेल तर ठोक्यांसाठी उत्तम, घड्याळ असेल तर मनगटाला घट्ट बांधा. ट्रेडमिलच्या दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांवर ठोके बघू नका, कारण त्यासाठी दांडी धरावी लागते. दांडी धरली की शरीराचा थोडा भार हातांवर जातो, मेहनत कमी होते आणि चाचणी तिथेच बिघडते.

वेळेचाही विचार करा. वॉर्मअप, चाचणी आणि शेवटचं चालणं मिळून पस्तीस-चाळीस मिनिटं मशीन लागतं. संध्याकाळी सातला मागे तीन जण टॉवेल घेऊन उभे असताना ही चाचणी होत नाही. दुपारी जा, पंख्यासमोरचं मशीन घ्या, आणि पुढच्या वेळीही तीच वेळ, तोच पंखा. मुंबई-ठाण्याच्या जून महिन्यातल्या दमट हवेत त्याच वेगाला ठोके सहज वर जातात. जानेवारीतल्या आकड्यांशी त्यांची तुलना केली तर उगाच वाईट वाटेल.

चाचणी चालू

आधी ताशी ५ ने ५ मिनिटं चाला. हे झालं वॉर्मअप, पण त्याचं आणखी एक काम आहे. थांबलेल्या पट्ट्याला ७ पर्यंत पोचायला काही सेकंद लागतात आणि तेवढे मीटर बुडतात. चालत्या पट्ट्यावर हा फटका किरकोळ राहतो. पाच मिनिटं झाली की वेग ७ वर न्या, पट्टा स्थिर झाला की सोबत्याला "सुरू" म्हणा. त्याच क्षणी त्याने मोबाइलचं स्टॉपवॉच चालू करायचं आणि स्क्रीनवरचं अंतर लिहून घ्यायचं. साधारण ०.४२ असेल. शेवटी हा आकडा वजा करायचा आहे. मशीनच्या वेळेवर विसंबू नका. काही मशीनं वेळ उलटी मोजतात, काही वॉर्मअप वेगळा धरतात.

प्रत्येक टप्प्याच्या शेवटच्या वीस सेकंदांत दोन गोष्टी करायच्या. सोबती ठोके लिहितो आणि तुम्ही मोठ्याने बाराचा पाढा म्हणता. हसू नका. बोलता येतं की नाही यावरून मेहनत ओळखण्याची पद्धत व्यायामशास्त्रात रुळलेली आहे. तिथे ठरलेला उतारा वाचायला देतात. आपल्याला पाढा बरा, कारण तो पाठ असतो आणि डोकं लागत नाही. "बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, बारा त्रिक छत्तीस, बारा चोक अठ्ठेचाळीस" एका सुरात गेलं तर 'हो' लिहा. मध्ये श्वासासाठी थांबावं लागलं, म्हणता आलं पण सुखाने नाही, तर 'अर्धवट'. "बारा त्रिक" च्या पुढे गाडी जात नसेल तर 'नाही'. यातला पहिला 'अर्धवट' ज्या वेगाला येतो तो वेग पुढे फार कामाचा आहे. साधारण त्याच्या आसपास श्वासाचा ताल बदलतो आणि आरामाचं पळणं संपतं.

वेग बदलताना घाई होते. बऱ्याच मशीनवर एक दाब म्हणजे ०.१, म्हणजे पाच दाब लागतात. बटण दाबून धरलं तर वेग सुसाट वर जातो. आणि ६, ८, १० अशी थेट वेगाची बटणं असतात त्यांच्याकडे बघूही नका. शक्यतो बटण सोबत्याने बाजूने दाबावं. त्याला दोन-चार सेकंद उशीर झाला तर काही बिघडत नाही: अर्धा मिनिट उशीर झाला तरी फरक सव्वाचार मीटरचा असतो, तो स्क्रीनवर दिसतसुद्धा नाही. उशीर झाला म्हणून पुढचा टप्पा लांबवू नका. घड्याळ जिथे आहे तिथूनच पुढे जायचं.

थांबायचं कधी? हा नियम पट्ट्यावर चढण्याआधी ठरवा, कारण पट्ट्यावर माणूस स्वतःशी खोटं बोलतो. पळायला लागून तीन-चार महिने झाले नसतील तर पाढ्याचा पहिला 'नाही' आला की तो टप्पा संपवून थांबा. त्यापुढे जाण्याची घाई नको. नियमित पळणाऱ्याने, हा वेग आणखी एक मिनिट टिकणार नाही असं वाटलं की हात वर करायचा. हात वर होताच सोबत्याने वेळ आणि अंतर दोन्ही टिपायचं आणि मगच वेग कमी करायचा. हा क्रम चुकला तर शेवटच्या टप्प्याचे मीटर हातचे जातात. छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, ठोके अडखळल्यासारखे वाटणं यांपैकी काहीही झालं तर नियम-बियम बाजूला, चाचणी संपली आणि डॉक्टर गाठायचा.

बाकी वेळी पट्टा एकदम थांबवू नका. ताशी ४-५ ने पाच मिनिटं चाला. जोरात पळून लगेच उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि घेरी येते. माणसं पडतात ती बहुधा पळताना नाही, थांबल्यावर.

एक चाचणी, आकड्यांसह

आता मावसबहिणीचा कागद. वय ३९, सहा महिने नियमित पळणारी, ठाण्यातली. आरशासमोरचं मशीन, चढ १ टक्का. "सुरू" म्हटलं तेव्हा अंतर ०.४२. ठोके असे आले: ७ ला १२८, ७.५ ला १३४, ८ ला १४१, ८.५ ला १४७, ९ ला १५३, ९.५ ला १६०, १० ला १६७. पाढा ८.५ पर्यंत एका दमात. ९ ला "बारा त्रिक" नंतर मोठा श्वास, म्हणजे 'अर्धवट'. ९.५ ला "अजून किती?" एवढंच जमलं, ते मी कागद बघून 'नाही' धरलं. १०.५ चा टप्पा सुरू होऊन एक मिनिट झाला आणि हात वर. स्क्रीनवर ३.५७.

३.५७ मधून ०.४२ गेले, उरले ३.१५ किमी, म्हणजे ३१५० मीटर. कोष्टकात सात टप्पे पूर्ण म्हणजे २९७५. आठव्यात १७५ मीटर जास्तीचे. ताशी साडेदहाने मिनिटाला १७५ मीटरच होतात. घड्याळ एक मिनिट सांगतं, अंतरही एक मिनिट सांगतं. दोघांचं जुळलं, म्हणजे मधे कुठला टप्पा चुकला नाही.

एकूण अंतराचा पहिला उपयोग हा: ते साक्षीदार आहे. स्क्रीनवर अंतर दहा दहा मीटरांनी पुढे सरकतं, त्यामुळे दहा-पंधरा मीटरचा फरक सोडून द्या. पण १५ मिनिटांनी २००० च्या जागी २०५० दिसले तर कुठेतरी बटण दोनदा दाबलं गेलंय. पण मशीनच मैलांत असेल तर ते अंतरावरून कळणार नाही, कारण वेग आणि अंतर दोन्ही मैलांतच येतात. हे व्हायचंच. परदेशी बनावटीच्या मशीनवर ताशी ७ मैलांनी, म्हणजे ताशी सव्वाअकरा किमीने सुरुवात करून "पहिलाच टप्पा जमत नाही" म्हणणारे पाहिलेत.

दुसरा उपयोग म्हणजे अंतरावरून शेवटचा वेग काढणं. अर्धवट टप्पा वाया जाऊ द्यायचा नसतो. पूर्ण केलेला शेवटचा वेग घ्या, पुढच्या टप्प्यात जितके सेकंद टिकलात त्याला १८० ने भागा, अर्ध्याने गुणा आणि मिळवा. इथे १० अधिक (६० भागिले १८०) गुणिले ०.५, म्हणजे १०.१७. हा तिचा चाचणीतला सर्वोच्च वेग. एक लक्षात ठेवा, ३ मिनिटांच्या टप्प्यांतला सर्वोच्च वेग १ मिनिटाच्या टप्प्यांपेक्षा कमीच येतो, कारण तिथे पोचेपर्यंत पाय जास्त वेळ पळून दमलेले असतात. मैत्रिणीला १ मिनिटाच्या चाचणीत ११.५ आले म्हणून ती वेगवान ठरत नाही.

आणि मीटरांची तुलना तर त्याहून फसवी. समजा पुढच्या वेळी हिने आठवा टप्पा पूर्ण केला. अंतर ३१५० वरून ३५०० झालं. "११ टक्के सुधारणा!" असं ओरडायचा मोह होतो. पण वेग १०.१७ वरून १०.५ झाला, म्हणजे जेमतेम ३ टक्के. कारण उघड आहे: प्रत्येक नवा टप्पा वेग थोडासाच वाढवतो, पण मीटर मात्र पाचशेच्या घरात टाकतो. ताशी ६ ने सुरुवात करणाऱ्याला ६ आणि ६.५ चे दोन टप्पे मिळून ६२५ मीटर फुकट मिळतात आणि त्याची तब्येत तसूभरही सुधारलेली नसते. म्हणून मीटर लिहिताना शेजारी 'सुरुवात ७, वाढ ०.५, टप्पा ३ मि., चढ १' एवढं लिहा. ते नसेल तर ३१५० हा आकडा कुणालाच काही सांगत नाही. पाकिटावरचा पत्ता म्हणालो तो हा.

मशीन खोटं बोलत असेल तर

इथे मी स्वतः तोंडघशी पडलो होतो. आमच्या जिममध्ये दोन सारखी मशीनं आहेत, एक खिडकीपाशी, एक आरशासमोर. खिडकीपाशी मी ११ चा टप्पा कसाबसा पूर्ण केला. चार दिवसांनी ते मशीन रिकामं नव्हतं म्हणून आरशासमोरचं घेतलं आणि ११.५ चा टप्पा पूर्ण करून उतरलो. दोन दिवस मिशीवर ताव देत हिंडलो. मग शंका आली की चार दिवसांत असं काय झालं?

स्क्रीनवरचं अंतर तुमच्या पायांवरून येत नाही. मशीन पट्टा फिरवणाऱ्या रोलरचे किंवा मोटरचे फेरे मोजतं आणि त्यावरून वेगही दाखवतं, अंतरही. म्हणजे अंतर आणि वेग एकाच तोंडातून बोलतात. टप्पा चुकला तर अंतर ते पकडून देईल, पण मशीनचं मोजमापच चुकीचं असेल तर वेग आणि अंतर दोन्ही सारखेच चुकतील आणि हिशोब तरीही चोख जुळेल. मनगटावरच्या घड्याळाने तपासायलाही जाऊ नका. जिमच्या आत जीपीएस चालत नाही, घड्याळ हाताच्या हालचालीवरून अंदाज करतं.

खरी तपासणी खडू आणि शिंप्याच्या टेपने होते. मशीन बंद करा, प्लग काढा. पट्ट्याच्या कडेला खडूची रेघ मारा, पट्टा हाताने थोडा थोडा पुढे सरकवत तुकड्यातुकड्याने मोजा, रेघ परत समोर आली की बेरीज करा. ही पट्ट्याची पूर्ण लांबी. आरशासमोरचा पट्टा ३ मीटर ४ सेंटिमीटर भरला. मग मशीन ताशी ८ वर लावून कुणाला तरी पळायला सांगा. रिकाम्या पट्ट्यावर मोजू नका, पाय टेकतो तेव्हा पट्टा किंचित अडतो आणि आपल्याला तोच वेग हवा आहे. बाजूला उकिडवं बसून रेघ किती वेळा गेली ते मोजा. पन्नास फेऱ्यांना किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचवर बघा. मोजणी 'शून्य' ने सुरू करा, 'एक' ने नाही, नाहीतर एक फेरी कमी पडते.

पन्नास फेऱ्यांना ७१.५ सेकंद लागले. पन्नास गुणिले ३.०४ म्हणजे १५२ मीटर. १५२ भागिले ७१.५, आणि त्याला ३.६ ने गुणलं की ताशी ७.६५ किमी. स्क्रीन म्हणत होती ८. म्हणजे मशीन चार-साडेचार टक्के मागे. माझा ११.५ खरा ११ च होता. खिडकीपाशी आलेला तोच.

बहिणीची चाचणीही याच मशीनवर झाली होती. तिचे ३१५० मीटर खरे सुमारे ३०१० आणि १०.१७ चा खरा वेग साधारण ९.७. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग मला का सांगितलंस!" तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. त्याच मशीनवर सराव करायचा आणि त्याच मशीनवर पुन्हा चाचणी द्यायची, तर मशीन ४ टक्के मागे असलं तरी चालतं. दर वेळी तेवढंच मागे असलं म्हणजे झालं.

निकालाचं काय करायचं

पहिली चाचणी रद्दीत काढा असं मी सगळ्यांना सांगतो. पट्ट्याची सवय, बटणांची गडबड, कुठे हात वर करायचा याचा अंदाज, हे सगळं पहिल्या वेळी शिकण्यात जातं. आठवड्याभरात, सरावात काहीही बदल न करता, पुन्हा द्या. दोन्ही निकालांतला फरक म्हणजे तुमची स्वतःची चूकभूल. पुढे कधी त्याहून कमी फरक पडला तर त्याला सुधारणा किंवा घसरण म्हणू नका. बहिणीचा वर दिलेला कागद दुसऱ्या वेळचाच आहे.

सरावासाठी सर्वोच्च वेगापेक्षा पाढ्याचा वेग जास्त कामाचा. तिचा पहिला 'अर्धवट' ९ ला आला. म्हणून आठवड्यातलं बहुतेक पळणं त्याच मशीनवरच्या ८ ते ८.५ ने, म्हणजे किलोमीटरला साडेसात ते सात मिनिटांनी. आठवड्यात एकदाच ९.५ च्या आसपास पाच पाच मिनिटांचे तीन तुकडे, मध्ये चालणं. ठोक्यांवरून ठरवायचं असेल तर तिचे स्वतःचे आकडे वापरायचे. वयावरून काढायचं सूत्र, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, तिला १८१ देतं. पण एकाच वयाच्या दोन माणसांत त्याच्या अलीकडे-पलीकडे दहा ठोक्यांचा फरक सहज असतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना ते सूत्र तर मुळीच लागू नाही, त्यांचे ठोके औषध दाबून ठेवतं. त्यांनी पाढाच धरावा.

आठ आठवड्यांनी ती पुन्हा त्याच आरशासमोर उभी राहिली. ९ ला ठोके १४८, पहिला 'अर्धवट' ९.५ ला, आणि १०.५ चा टप्पा पूर्ण करून हात वर. ३५०० मीटर. वेगात ताशी किलोमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याची वाढ. तिचा चेहरा उतरला. "दोन महिन्यांत एवढंच?"

मधल्या काळात जिमने मशीनची दुरुस्ती करून घेतली होती, हे आम्हाला पट्ट्याकडे बघून कळलं. ग्रीसचे ताजे डाग होते आणि आमची खडूची रेघ पुसली गेली होती. पुन्हा रेघ मारली, पट्टा मोजला, तेच ३.०४ भरले. मी उकिडवा बसलो, ती ताशी ८ ला पळाली. पन्नास फेऱ्यांना ६८.६ सेकंद. म्हणजे ७.९८. मशीन आता खरं बोलत होतं. आधीचे १०.१७ म्हणजे खरे ९.७, आत्ताचे १०.५ म्हणजे जवळजवळ पूर्ण १०.५. ताशी पाऊण किलोमीटर वाढ झाली होती, त्यातला निम्म्याहून जास्त भाग दुरुस्तीने झाकला होता. तिने माझ्या हातातला खडू घेतला आणि कागदाच्या मागच्या बाजूला तारखेशेजारी लिहिलं: '५० फेऱ्या, ६८.६'.